जुळवायचंय, पण कशाशी?

नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाला हल्ली एक सल्ला फुकट मिळतो: लिंक्डइनचं प्रोफाइल आणि रेझ्युमे एकमेकांशी जुळवून घ्या. सल्ला अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळे घातक आहे. रेझ्युमेत चुकीची तारीख असेल आणि तुम्ही प्रोफाइल तिच्याशी जुळवलंत, तर आधी एका जागी असलेली चूक आता दोन जागी झाली. वर ती तुम्ही स्वतः बसून, शांतपणे, दोनदा लिहिलीत. उद्या कुणी विचारलं तर ‘टायपो होता’ म्हणायचीही सोय राहिली नाही.

जुळवायचं ते तिसऱ्याच गोष्टीशी. तुमच्या नोकरीची जी नोंद तुमच्या हातात नाही, तिच्याशी. नेमणूकपत्र, बढतीचं पत्र, रिलीव्हिंग लेटर, पीएफच्या खात्यातली नोंद, फॉर्म 26AS मध्ये दिसणारं पगार देणाऱ्याचं नाव. ऑफर हातात पडल्यावर जी पडताळणी होते, जिला सगळे बीजीव्ही म्हणतात, ती करणारी माणसं याच कागदांकडे बघतात. त्यांच्या अहवालात हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात आणि पिवळा रंग लागायला खोटेपणा लागत नाही. नुसती गफलत पुरते.

गफलत कशी होते ते एका उदाहरणात नीट बघू. समजा, सांगलीची एक मुलगी. 2018 साली इंजिनिअर झाली आणि पुण्यात हिंजवडीला टेस्टिंगच्या कामावर लागली. तिचे कागद असे सांगतात: ऑफर लेटर 2 जुलै 2018 चं. प्रत्यक्ष रुजू 13 ऑगस्ट 2018 ला, ट्रेनी म्हणून. सहा महिन्यांनी कायम झाली आणि टेस्ट इंजिनिअर हा हुद्दा मिळाला. 1 जुलै 2020 ला सीनियर टेस्ट इंजिनिअर. 28 डिसेंबर 2020 ला तिने पेपर टाकले, साठ दिवसांची नोटीस भरली आणि 26 फेब्रुवारी 2021 हा तिचा शेवटचा दिवस ठरला. नव्या कंपनीत ती 5 एप्रिल 2021 ला हजर झाली. मधले 37 दिवस ती घरी होती.

आता तिचं प्रोफाइल बघा. पहिल्या नोकरीची सुरुवात ‘जुलै 2018’. कारण ऑफर लेटर आलं त्याच रात्री तिने आनंदात ते टाकलं होतं आणि पुढे त्याला हात लावला नाही. शेवट ‘मार्च 2021’. कारण रिलीव्हिंग लेटर हिशेब पूर्ण झाल्यावर मार्चच्या शेवटी आलं आणि तिने पत्राच्या वरच्या कोपऱ्यातली तारीख उचलली. कामातून मुक्त केल्याची तारीख त्याच पत्रात, खाली दुसऱ्या परिच्छेदात होती. दुसऱ्या नोकरीची सुरुवात ‘मार्च 2021’, कारण तीही ऑफर मार्चमधली. रेझ्युमेत तिने महिनेच दिले नाहीत. ‘2018–2021, सीनियर टेस्ट इंजिनिअर’, एवढंच. आणि वर सारांशात ‘तीन वर्षांचा अनुभव’.

यातली एकही गोष्ट तिने फसवायला लिहिलेली नाही. पण पडताळणी करणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. सुरुवात एका महिन्याने मागे गेली. शेवट एका महिन्याने पुढे गेला. 37 दिवसांची मोकळी जागा पुसली गेली. दोन वर्षे, सहा महिने आणि चौदा दिवसांची नोकरी प्रोफाइलवर दोन वर्षे नऊ महिने झाली आणि रेझ्युमेत तीन वर्षे. सीनियर ती जेमतेम आठ महिने होती, रेझ्युमेत पहिल्या दिवसापासून आहे. पाच चुका, आणि पाचही तिच्याच फायद्याच्या. विसराळूपणाने झालेल्या चुका कधी तुमच्या बाजूने पडतात, कधी विरुद्ध. ओळीने सगळ्या एकाच बाजूला झुकल्या की वाचणारा त्याला विसराळूपणा म्हणत नाही. संशय येतो तो इथे.

हीच चाचणी तुम्ही स्वतःवर करून बघू शकता. प्रोफाइलच्या पानावर Save to PDF ची सोय आहे. ती प्रत काढा, रेझ्युमे शेजारी ठेवा आणि तिसरीकडे पत्रांची फाइल. प्रत्येक नोकरीसाठी चारच गोष्टी बघायच्या: पगार कोणी दिला, हुद्दा काय होता, रुजू कधी, शेवटचा दिवस कधी. जिथे फरक दिसेल तिथे तो कोणाच्या बाजूने झुकतो ते पेन्सिलीने लिहा. पानभर बाण एकाच दिशेला गेले असतील, तर तुमचा हेतू कितीही स्वच्छ असो, कागद तुमच्याविरुद्ध बोलणार आहे.

महिने न देता नुसती वर्षं लिहायची, ही युक्ती क्लासवाले आणि ओळखीचे सीनियर सर्रास शिकवतात. मला ती अजिबात मान्य नाही. ‘2018–2021’ याचा अर्थ दोन वर्षे आणि काही दिवस असाही होतो आणि जवळपास चार वर्षे असाही. भरतीचं काम करणाऱ्याला हे पहिल्या आठवड्यात कळतं. तो प्रोफाइल उघडतो आणि तिथे महिने दिसतातच, कारण तिथे महिना निवडायचा रकाना समोरच असतो. मग रेझ्युमेत काय लपवलं होतं, हा पहिला प्रश्न होतो. 37 दिवसांची मोकळी जागा कुणाला खुपत नाही. ‘नोटीस फेब्रुवारीत संपली, नवी कंपनी एप्रिलमध्ये बोलवत होती’, या एका वाक्यात ती संपते. लपवली की मात्र तिचं स्पष्टीकरण द्यावं लागतं आणि लपवण्याचंही.

एक बारकावा इथे माहीत असायला हवा. लिंक्डइन कालावधी मोजताना सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही महिने पूर्ण धरतं. आपल्या सांगलीच्या मुलीने ऑगस्ट 2018 ते फेब्रुवारी 2021 असं अगदी बरोबर लिहिलं, तरी पडद्यावर 2 yrs 7 mos दिसेल. खरा काळ त्याहून जवळपास पंधरवड्याने कमी आहे. याला कुणी चूक म्हणणार नाही. पण पाच-सहा नोकऱ्यांच्या अशा आकड्यांची बेरीज करून कुणी रेझ्युमेच्या माथ्यावर एकूण अनुभव लिहिला, तर काही महिने हवेतून आलेले असतात. एकूण अनुभव मोजायचा तो पत्रांवरच्या पूर्ण तारखांवरून, आणि खालच्या बाजूला उतरवून. पाच वर्षांची अट असलेल्या जागेला चार वर्षे नऊ महिने असताना अर्ज करायला काहीच हरकत नाही. ‘पावणेपाच वर्षे’ लिहा. तीन महिने कमी म्हणून दार बंद करणारे थोडे. मिळालेली ऑफर पडताळणीत मागे घेणारे त्याहून बरेच जास्त.

हुद्द्याचं प्रकरण तारखांपेक्षा गुंतागुंतीचं आहे, कारण इथे दोन्ही बाजूंना थोडं खरं असतं. आपल्या मोठ्या आयटी कंपन्यांची पदनावं कामाबद्दल फारसं सांगत नाहीत. टीसीएसमध्ये ‘असिस्टंट सिस्टिम इंजिनिअर’, इन्फोसिसमध्ये ‘सिस्टिम्स इंजिनिअर’, विप्रोत ‘प्रोजेक्ट इंजिनिअर’, कॉग्निझंटमध्ये ‘प्रोग्रामर अॅनालिस्ट’ या नावांनी हजारो फ्रेशर लागले. कुणी जावा लिहीत होतं, कुणी टेस्टिंग करत होतं, कुणी रात्रपाळीत सर्व्हर सांभाळत होतं. बाहेरच्याला हे कळावं म्हणून माणूस प्रोफाइलवर ‘जावा डेव्हलपर’ लिहितो. रेझ्युमेत ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’. पडताळणीच्या फॉर्मवर पत्रातला हुद्दा. एकाच खुर्चीची तीन नावं झाली.

माझं मत असं की हुद्द्याच्या रकान्यात पत्रातला हुद्दा आधी यावा आणि काम त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन: ‘सिस्टिम्स इंजिनिअर, जावा डेव्हलपमेंट’. दोन्हीकडे अक्षरशः तेच. शोधणाऱ्याला ‘जावा’ सापडतं आणि जुन्या कंपनीच्या एचआरने हुद्दा कळवला की तो पहिल्या दोन शब्दांशी तंतोतंत जुळतो. ‘लीड’ आणि ‘मॅनेजर’ हे दोन शब्द मात्र पत्रात नसतील तर हुद्द्याच्या रकान्यात येऊ नयेत. तुम्ही वर्षभर टीम सांभाळली असेल, खरोखर सांभाळली असेल. ते खाली वर्णनात लिहा, ‘हुद्दा सीनियर इंजिनिअर असताना पाच जणांच्या टीमचं काम पाहिलं’ असं. हे वाक्य उलट जास्त वजनदार आहे. हुद्दा न देता कंपनीने जबाबदारी दिली होती, एवढं ते स्वतःच सांगतं.

बढत्या वेगळ्या दाखवा. एकाच कंपनीतले हुद्दे, कंपनीचं तेच पान निवडलं असेल तर, लिंक्डइन एकाखाली एक लावतं. रेझ्युमेत जागा कमी असेल तर एका ओळीत तिन्ही हुद्दे आणि त्यांचे महिने बसतात. शेवटचा हुद्दा सगळ्या काळावर पसरवायचा नाही.

आणि आता ज्या चुकीने माणसं खरी होरपळतात ती. बसायचं एकीकडे आणि पगार दुसरीकडून, अशी नोकरी आपल्याकडे लाखो लोक करतात. मुंबईत बीकेसीतल्या बँकेत तीन वर्षं काढली, गळ्यात बँकेचं ओळखपत्र, ईमेल बँकेचा, साहेब बँकेचे. पण नेमणूकपत्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीचं. असा माणूस प्रोफाइलवर बँकेचं नाव निवडतो, बँकेचा लोगो लागतो आणि तो दिसतोही छान. रेझ्युमेतही बँक. पडताळणी करणारा बँकेच्या एचआरला लिहितो. बँक त्यांच्या नोंदी बघून कळवते की या नावाचा कर्मचारी आमच्याकडे नव्हता. बँक खोटं बोलत नाही. आणि आपला माणूस तीन वर्षं तिथे राबलेला असूनही अहवालात खोटा ठरतो.

इथे भावना बाजूला ठेवा. कंपनीच्या रकान्यात पगार देणाऱ्याचं नाव, वर्णनाच्या पहिल्याच ओळीत ‘क्लायंट: अमुक बँक, मुंबई’. रेझ्युमेत तसंच. क्लायंटचं नाव बाहेर सांगायला करारात मनाई असेल तर ‘एक खासगी बँक’ लिहा, आणि दोन्हीकडे तसंच लिहा. रेझ्युमेत नाव झाकून प्रोफाइलवर उघडं ठेवण्यात अर्थ नाही. पगार नक्की कोणाचा याची शंका असेल तर 26AS उघडा, कर कापणाऱ्याचं नाव तिथे छापलेलं असतं.

कंपनीचं नावच बदललं असेल तर घोळ वेगळा होतो. 2022 मध्ये एल अँड टी इन्फोटेक आणि माइंडट्री एक होऊन एलटीआयमाइंडट्री झाली. त्याआधी 2013 मध्ये महिंद्रा सत्यम टेक महिंद्रात विलीन झाली. तुमच्या पत्रावर जुनं नाव असणार, पानावर नवं. रेझ्युमेत ‘एलटीआयमाइंडट्री (तेव्हाची माइंडट्री)’ लिहिलं की प्रश्न मिटला. विद्यापीठांचंही तसंच. 2014 पूर्वीच्या पदवीवर पुणे विद्यापीठ आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ नाही. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे उत्तीर्ण होण्याचं वर्ष. केटी राहिली, इयर डाऊन झालं, तरी माणूस प्रोफाइलवर आपल्या बॅचचं वर्ष ठेवतो, कारण मित्र त्या बॅचचे. पडताळणीला बॅच नको असते. शेवटची गुणपत्रिका ज्या वर्षाची, ते वर्ष लागतं.

शिक्षणातल्या एका जास्तीच्या शब्दाने काय होऊ शकतं, याचा दाखला जगासमोर आहे. स्कॉट थॉम्पसन जानेवारी 2012 मध्ये याहूचे मुख्याधिकारी झाले. कंपनीच्या कागदपत्रांत त्यांची पदवी अकाउंटिंग आणि कॉम्प्युटर सायन्स अशी दिली होती. मे महिन्याच्या सुरुवातीला याहूतले एक मोठे गुंतवणूकदार, थर्ड पॉइंटचे डॅनियल लोब, यांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं की स्टोनहिल कॉलेजची त्यांची पदवी फक्त अकाउंटिंगची आहे. त्यांनी 1979 मध्ये पदवी घेतली आणि त्या कॉलेजने कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्या द्यायला सुरुवात केली ती 1983 मध्ये. दहा-बारा दिवसांत थॉम्पसन पायउतार झाले. त्याआधी ते पेपालचे अध्यक्ष होते. त्यांची लायकी त्या दुसऱ्या विषयावर टिकलेली नव्हती. आणि पकडायला कुणाला गुप्तहेर लागला नाही. एक कागद दुसऱ्याशेजारी ठेवला गेला, एवढंच झालं.

दाव्यांचं थोडक्यात सांगतो. आकडा एकदाच ठरवा. रेझ्युमेत बारा जणांची टीम आणि प्रोफाइलवर आठ जणांची, असं असेल तर मुलाखत घेणारा विचारतोच आणि ‘कधी आठ, कधी बारा’ या उत्तराने कुणाचं समाधान होत नाही. ‘आठ ते बारा’ आधीच लिहा. प्रमाणपत्रांवर मुदत असते. एडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं; पीएमपीही तीन वर्षांनी नूतनीकरण मागतं. प्रोफाइलवर मुदतीचा रकाना भरलेला असेल तर तो संपल्याचं तिथे दिसतं आणि रेझ्युमेत ते अजून ‘सर्टिफाइड’ म्हणून मिरवत असतं. संपलेलं लपवू नका, ‘2019 ते 2022’ लिहा. तेव्हा मिळवलं होतं, हे खरंच आहे.

प्रोफाइलवरची एक छोटी खूण चुकवू नका. नवी नोकरी टाकताना जुनी संपवण्याचा पर्याय तिथेच येतो. तो सुटला की दोन्ही नोकऱ्यांपुढे Present दिसत राहतं. 2022 मध्ये विप्रोने एकाच वेळी प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करणाऱ्या 300 जणांना काढल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून एकावर एक चढलेल्या तारखांकडे लोक डोळे बारीक करूनच बघतात. तुमच्या बाबतीत तो नुसता न दाबलेला चौकोन असेल, पण वाचणाऱ्याला ते कसं कळणार?

पीएफची नोंद हा मोठा आधार आहे. सदस्य पोर्टलवर Service History मध्ये प्रत्येक संस्थेचं नाव, रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख दिसते. पण तीही डोळे झाकून मानायची नाही. काही ठिकाणी ट्रेनीच्या काळात पीएफ कापत नाहीत, मग नोंद कायम झाल्याच्या तारखेपासून सुरू होते. म्हणून पहिले सहा महिने रेझ्युमेतून काढायचे नाहीत. नेमणूकपत्र आणि त्या महिन्यांच्या पावत्या जपून ठेवायच्या. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नाही, असंही होतं. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने गेले की Mark Exit मधून ती आपल्याला भरता येते. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्याच महिन्यातली असावी लागते. तिथे रिलीव्हिंग लेटरमधला शेवटचा दिवसच टाका. घाईत भलतीच तारीख टाकलीत तर आजवर जी नोंद तुमच्या हाताबाहेर आणि म्हणून भरवशाची होती, तीही तुम्ही बिघडवली.

दोन्ही कागद एकसारखे असले पाहिजेत, असं माझं म्हणणं नाही. रेझ्युमे समोरच्या जागेसाठी बेततात, तो बेतलाच पाहिजे. प्रोफाइल सगळ्यांना दिसतं, तिथे प्रकल्पाचे आतले आकडे नकोत. एखादी तीन महिन्यांची जुनी नोकरी दोन पानांच्या रेझ्युमेत बसत नसेल तर ‘याआधीचा अनुभव’ या एका ओळीत ती जाऊ शकते. कमी-जास्त सांगण्याला मोकळीक आहे. दोन्हीकडे जे सांगितलं आहे, त्याने एकमेकांना खोटं पाडायचं नाही.

तिसरी आणि चौथी प्रतही हिंडत असते, हे बहुतेकांच्या ध्यानातच नसतं. नोकरी डॉट कॉमवरचं जुनं प्रोफाइल, आणि कन्सल्टंटने आपल्या साच्यात उतरवून पुढे पाठवलेला रेझ्युमे. काही कन्सल्टंट त्या उतरवण्यात अनुभव ‘राऊंड’ करतात. तुमच्या नावाने गेलेला तो कागद तुम्ही पाहिलेलाच नसतो आणि जबाब तुम्हाला द्यावा लागतो. पुढे पाठवलेली प्रत मागून घ्या. देत नसेल त्याच्याकडून अर्ज पाठवू नका. इतकं सरळ आहे.

मुलाखती सुरू असताना चूक सापडली तर? गुपचूप प्रोफाइल बदलून गप्प बसू नका. जुना रेझ्युमे त्यांच्याकडे आहे, आणि आता तो नव्या प्रोफाइलशी जुळत नाही. दोन्ही दुरुस्त करा आणि रिक्रूटरला चार ओळींचं मेल टाका, पडताळणीचा फॉर्म भरण्याआधी. फॉर्मवर दिवस-महिना-वर्ष विचारतात आणि खाली ‘माहिती खरी आहे’ असं लिहून तुमची सही असते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. सांगलीच्या त्या मुलीने एवढंच लिहायचं: ‘माझ्या रेझ्युमेत पहिल्या नोकरीचा काळ 2018–2021 आणि हुद्दा सीनियर टेस्ट इंजिनिअर असा दिला आहे. रिलीव्हिंग लेटरप्रमाणे अचूक काळ 13 ऑगस्ट 2018 ते 26 फेब्रुवारी 2021 असून सीनियर टेस्ट इंजिनिअर हा हुद्दा 1 जुलै 2020 पासूनचा आहे. सारांशातला एकूण अनुभवही त्याप्रमाणे दुरुस्त केला आहे. सुधारित प्रत आणि पत्रं सोबत जोडली आहेत.’ माफीनामा नको, लांबण नको. मेल गेल्याची वेळ नोंदलेली राहते, आणि ती फॉर्मवरच्या सहीच्या आधीची असते.